सनमायकाखालचं टेबल

गीतांजली काळमेघ पहिल्यांदा वसुधा मोघ्यांच्या घरी गेली तेव्हा दार उघडायच्या आधीच आतून प्रश्न आला, "कबाडी की गिऱ्हाईक?"

"दोन्ही," गीतांजली म्हणाली.

आत कोणीतरी हसलं आणि दार उघडलं. वसुधाबाई सत्तरीच्या पुढच्या होत्या. ठेंगणी, ताठ मूर्ती, एका हातात काठी, नाकावर घसरलेला चष्मा. महिला महाविद्यालयात भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. सिविल लाइंसमधल्या एका जुन्या बंगल्याचा मागचा अर्धा भाग मोघ्यांनी कित्येक वर्षांपासून भाड्याने घेतला होता. आता मालकाला तो पाडायचा होता आणि बाईंच्या गुडघ्यांना अंगणाच्या पायऱ्या नकोशा झाल्या होत्या. त्यांनी लिफ्ट असलेला दोन खोल्यांचा फ्लॅट बघून ठेवला होता. तिथे हे सगळं सामान मावणार नव्हतं.

"स्वयंपाकघरातलं जाळीचं कपाट, जेवणाचं टेबल, सहा खुर्च्या," त्या म्हणाल्या. "बघून घ्या. मी इथेच बसते, मला वाकता येत नाही."

गीतांजलीने फरशीवर बसकण मारली आणि मोबाइलचा टॉर्च लावून टेबलाखाली सरकली. हे काम ती गेली काही वर्षं करत होती. त्याआधी ओमतीतल्या फर्निचरच्या एका मोठ्या दुकानात काउंटरवर होती. लोक घरातला सागवानी दिवाण कबाड्याला देऊन भुशाच्या पाट्यांचा चकचकीत पलंग घेऊन जायचे आणि तो पलंग दोन पावसाळ्यांत फुगून परत यायचा. ते बघून बघून तिने एक दिवस नोकरी सोडली, चेरीतालात बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीची शेड भाड्याने घेतली आणि जुनं सामान घरोघरी जाऊन विकत घ्यायला लागली. दुरुस्त करायचं, पॉलिश करायचं, फोटो टाकायचे. गिऱ्हाईक भोपाळ, रायपूर, कधी बंगळूरचंही असायचं. भेडाघाट आणि कान्हाकडचे होमस्टेवाले तर स्वतःच फोन करायचे.

तिने टेबलाच्या पायाची मागची बाजू खिळ्याने हलकेच खरवडली. हिरव्या ऑइलपेंटखाली सोनेरी साग निघाला. खुर्च्यांचे सांधे ढिले होते, पण लाकूड भरीव होतं. बसायच्या जागेचा वेत कधीचाच फाटलेला, त्यावर कोणीतरी प्लायचे तुकडे ठोकले होते. टेबलाचा माथा मात्र तपकिरी सनमायकाने मढवलेला, खालून जाड रंग, कडांना पट्टी.

"याच्या खाली काय आहे, मॅडम?"

"माझं लग्न होऊन मी या घरात आले तेव्हाही हे असंच होतं. धाकटे दीर शाई सांडायचे म्हणून सासऱ्यांनी सनमायका लावून घेतला म्हणे. खाली काय असेल ते असेल."

गीतांजलीने मनात हिशोब केला. पाय आणि चौकट सागाची, माथा बहुतेक जाड प्लायचा, म्हणजे नवा करावा लागेल. ती उठली, गुडघे झटकले. "सगळ्याचे चौदा हजार देते."

"कबाडी सहा देत होता."

"मग मला काहून बोलावलं?"

"तो तोडून नेणार होता. तू काय करणार?"

"दुरुस्त करून विकणार."

"कितीला?"

हा प्रश्न लोक सहसा विचारत नसत. मनात ठेवत आणि मागून कुरकुरत. गीतांजलीला बाई आवडल्या. "ते लाकूड कसं निघते त्यावर आहे. मिस्त्री, पॉलिश, गाडी, शेडचं भाडं, सगळं जाऊन जे उरेल ते माझं. कधी चांगलं उरते, कधी काहीच नाही."

"ठीक," वसुधाबाई म्हणाल्या. "सोळा दे."

पंधरावर सौदा ठरला. गीतांजलीने तिथेच पैसे पाठवले आणि खरेदीच्या पावतीवर बाईंची सही घेतली.

दुसऱ्या दिवशी छोटा हत्ती टेम्पो घेऊन अंबादास मिस्त्री आला. अंबादास मूळचा वर्ध्याकडचा, जन्मभर सुतारकामात गेलेला. गीतांजलीच्या शेडमधलं सगळं लाकूडकाम त्याच्या हातून व्हायचं. चार हमालांनी टेबल उचललं आणि पाच पावलांत खाली ठेवलं.

"ताई, हे वजन सागाचं नाही," अंबादास म्हणाला.

"जाड प्लाय असेल वर."

"प्लाय असा बसत नाही खांद्यावर." पण गाडीवाला घाई करत होता, बोलणं तिथेच राहिलं.

शेडमध्ये आधी कपाट उघडलं. अंबादासने ते भिंतीशी टेकवून नुसतं ठोकलं तर खाली पिठासारखी बारीक पूड सांडली. घुण. सागाचं आतलं पक्कं लाकूड घुण खात नाही, पण या कपाटाच्या चौकटीत आणि दारांत पांढरं कच्चं लाकूड भरपूर वापरलं होतं आणि ते आतून पोखरून गेलं होतं. ताजी पूड म्हणजे किडा अजून जिवंत. दुसऱ्या सामानात जायला नको म्हणून दोघांनी ते अंगणात काढलं. फळ्या तेवढ्या शाबूत होत्या, त्या वेगळ्या करून औषध लावून प्लास्टिकमध्ये गुंडाळल्या. उरलेलं जाळून टाकलं.

"गेले याचे पैसे," अंबादास हात धुता धुता म्हणाला.

"गेले," गीतांजली म्हणाली. चार महिन्यांत असं एकदा तरी व्हायचंच. ती भाव बांधताना ते धरूनच बांधायची.

मग टेबल. जानेवारीचं कोवळं ऊन अंगणात होतं, हवा कोरडी. अंबादासने कडेची पट्टी उचकटली आणि गीतांजलीने हीटगन लावली. सनमायका एकदम ओढायचा नसतो. त्याखालचा गोंद गरम होऊन सैल पडला की पत्रा सरकवत सरकवत सोलायचा, नाहीतर लाकडाच्या सालपट्या त्याच्याबरोबर निघतात. कोपऱ्यापासून वीतभर निघालं. खाली गोंदाचा पिवळा थर, आणि त्या थराखाली काळंभोर काहीतरी.

"जळालं का?" तिने गन बाजूला घेतली.

अंबादासने थिनरचा बोळा फिरवला, मग खरवडणीचा एक हलका हात मारला. जळालेलं नव्हतं. जांभळट तपकिरी लाकूड होतं, त्यात काळ्या रेघा, पाण्यावर तेल पसरावं तशा. त्याने वाकून वास घेतला.

"काळा शिसम," तो हळूच म्हणाला. "ताई, पुऱ्या फळ्या आहेत. इतक्या रुंद फळ्या आता कुठून आणता तुम्ही."

संध्याकाळपर्यंत पूर्ण सनमायका निघाला. तीन फळ्या होत्या, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड, कुठे तडा नाही. एका कोपऱ्यात शाईचा डाग होता, लाकडाहूनही काळा. गीतांजली कितीतरी वेळ नुसती त्यावर हात फिरवत राहिली. इतक्या वर्षांत तिच्या शेडमध्ये असं काही आलं नव्हतं. तिने धरलेल्या किमतीच्या दुपटीहून जास्त किंमत याला येणार होती.

"कोणाले सांगू नका," अंबादास म्हणाला. "म्हाताऱ्या बाईले कळलं तर दारात येऊन बसेल."

"मी व्हिडिओ टाकणार ना, काका. सनमायका निघतानाचे व्हिडिओ लोक सगळ्यात जास्त बघतात. तिकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळू दे."

"मग पैसे वापस मागेल ते."

"मागेल तर मागेल. मी देणार नाही."

तिने फोन लावला. काय सांगायचं ते तिने ठरवलं नव्हतं, पण सांगायला फार लागलंही नाही. "मॅडम, तुमच्या टेबलाचा माथा काळ्या शिसमाचा निघाला. मला माहीत नव्हतं. मी प्लाय समजून भाव केला होता. आता मला वाटलं त्यापेक्षा बरंच जास्त मिळेल."

"मग? मी काय करायचं?"

"काही नाही. मी वरचे पैसे देणार नाही. देणं लागते असं मला वाटतही नाही. फक्त तुम्हाला कळावं."

"उद्या बघायला येते," वसुधाबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

त्या खरंच आल्या, ई-रिक्षाने, काठी टेकत. शेडमधली धूळ, टांगलेल्या खुर्च्या, पॉलिशचे डबे, सगळ्यावरून त्यांची नजर फिरली आणि टेबलापाशी थांबली. सँडिंग अर्धं झालं होतं. अंबादासने ओला कपडा फिरवून दाखवला आणि लाकडाचा रंग एकदम वर आला.

"सासरे जंगल खात्यात होते, मंडल्याला," त्या म्हणाल्या. "तिथल्या डेपोच्या लिलावातून आणलं असेल. कधी बोलले नाहीत. आम्ही पन्नास वर्षं यावर जेवलो आणि वर प्लास्टिक पुसत राहिलो."

"आता वाईट वाटून राहिलं का, मॅडम?"

"थोडं. माझ्याच मूर्खपणाचं." त्यांनी चष्मा वर केला. "आता एक सांग. कपाटाचं काय झालं?"

गीतांजलीने घुणाचं सांगितलं.

"ते नुकसान माझ्याकडे घेऊन आली नाहीस तू."

"नाही. बघून घेतलं होतं मी. माझी नजर चुकली, माझं नुकसान."

"आणि इथे नजर चुकली तर तुझा फायदा."

"हो."

वसुधाबाईंनी मान हलवली, वर्गात बरोबर उत्तर आल्यावर हलवावी तशी. मग त्यांनी स्टूल ओढून घेतलं आणि तासभर बसून सँडिंग बघितलं. जाड कागद आधी का, बारीक नंतर का, असे प्रश्न विचारले. खुर्च्यांना लाखेच्या चपड्याचं जुन्या पद्धतीचं पॉलिश आणि टेबलाला मात्र वेगळं का, हेही विचारलं. "चपड्यावर गरम भांडं ठेवलं की पांढरा डाग पडते," गीतांजली म्हणाली. "लोक यावर जेवणार आहेत." जाताना बाईंनी तिला मॅडम म्हणायला मनाई केली. "मावशी म्हण. मॅडम ऐकून माझे कान किटले आहेत."

प्रकरण इथेच संपलं असतं, पण त्याच आठवड्यात अनिमेष आला.

अनिमेष हा वसुधाबाईंचा एकुलता एक मुलगा, हैदराबादला नोकरीला. आईचं घर हलवायला सुट्टी काढून आला होता. जेवणाच्या खोलीत टेबल नाही हे बघून त्याने विचारलं, आईने सगळं सरळ सांगितलं, काळ्या शिसमासकट. सकाळी नऊ वाजता तो शेडच्या दारात उभा होता.

"गीतांजलीजी आप ही हैं?" त्याने विचारलं आणि मग मराठीत आला, थोडं अडखळत. "तुम्ही माझ्या आईला पंधरा हजार दिले. या टेबलाचे लाख मिळतील. ती एकटी राहते, तिला काय समजतं लाकडातलं? याला काय म्हणतात, मला सांगा."

"याला धंदा म्हणतात, दादा," गीतांजली म्हणाली. "बसा. चहा घेणार?"

"नाही." पण तो आत आला. टेबलाचा माथा आता पूर्ण घासून झाला होता, पॉलिशचा पहिला हात बसला होता. अनिमेष त्याच्याजवळ गेला. त्याने वाकून तो शाईचा डाग बघितला, मग टेबलाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन तिथल्या पायाशी हात घातला, आतल्या अंगाला, जिथे अजून हिरवा रंग होता.

"इथे मी ब्लेडने माझं नाव कोरलं होतं," तो म्हणाला. "बारावीत. पूरी बारावी इसी पे निकली." त्याचा आवाज उतरला होता. मग पुन्हा चढला. "मी तुम्हाला तुमचे पंधरा परत देतो. वर गाडीचे, मजुरीचे घ्या. टेबल घरी पाठवा."

"पंधरा हजार त्या टेबलाचे होते, ज्याच्यावर सनमायका होता आणि खाली काय आहे ते कोणालाच माहीत नव्हतं," गीतांजली म्हणाली. "त्या भावात परत पाहिजे असेल तर सनमायका लावून देते. काका, पत्रा आहे ना अजून?"

"आहे की," अंबादास कोपऱ्यातून म्हणाला. "कोपरा थोडा फाटला."

अनिमेषला राग आला आणि त्याच वेळी हसूही आलं. ते हसू त्याने दाबलं, पण तिला दिसलं.

"दादा, ऐका," ती म्हणाली. "मी तुमच्या आईला फसवलं असतं तर फोन करून सांगितलं नसतं. आणि त्यांना काही समजत नाही असं म्हणू नका. माझ्याशी असा भाव या शहरात दुसऱ्या कोणी केला नाही. आता हे तयार टेबल आहे. याची किंमत नव्वद हजार आहे. घेणार असाल तर पहिला हक्क तुमचा. आठ दिवस दुसऱ्या कोणाला देणार नाही."

"नव्वद?"

"एका होमस्टेवाल्याला नुसता फोटो पाठवला तर तो वर जायला तयार आहे. मी तुम्हाला नव्वद सांगून राहिली."

अनिमेषने विचार केला. पैसे त्याच्याकडे होते, हे दिसत होतं. त्याने बायकोला व्हिडिओ कॉल लावला, टेबल दाखवलं. पलीकडून आधी कौतुक ऐकू आलं, मग प्रश्न. ठेवणार कुठे? सोफा काढायचा? लिफ्टमध्ये जाईल? अंबादासने टेप काढून माप सांगितलं. पलीकडे बायकोने खोलीत टेप लावला. टेबल खोलीत बसत होतं, पण मग त्याच्याभोवती माणूस बसू शकत नव्हता. जिन्यावरून वळत नव्हतं. "फळ्या कापून छोटं करून देता येईल का?" त्याने विचारलं, आणि विचारल्या विचारल्या स्वतःच नकारार्थी मान हलवली.

तेवढ्यात ई-रिक्षा थांबल्याचा आवाज आला. वसुधाबाई आल्या होत्या.

"मला वाटलंच तू इथे असशील," त्या मुलाला म्हणाल्या.

"आई, तू मला एकदा विचारायचं तरी."

"दोन वर्षं विचारतेय. काय काय नेणार ते सांग. तू म्हणायचास, बघू."

"मला वाटलं तू विचारतेस म्हणजे विकणार नाहीस." तो थांबला. "म्हणजे, जोपर्यंत मी उत्तर देत नाही तोपर्यंत घर तसंच राहील, असं."

वसुधाबाईंनी काठी टेबलाला टेकवली आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो उंच होता, हात जेमतेम खांद्याच्या खाली पोचला. गीतांजलीने उगाचच पॉलिशचा डबा उघडून ढवळायला घेतला. अंबादास बाहेर जाऊन हातपंपाशी उभा राहिला.

"तू रागावू नकोस हिच्यावर," बाई थोड्या वेळाने म्हणाल्या. "मी विकलं. शुद्धीवर विकलं. मला त्या घरातून उड्या मारत निघायचं होतं, आता उड्या जमत नाहीत हा भाग वेगळा."

अनिमेषने नाक पुसलं. "मग निदान खुर्च्या?" त्याने गीतांजलीकडे वळून विचारलं. "दोन तरी."

खुर्च्या रांगेत ठेवल्या होत्या. सांधे पुन्हा बसवून झाले होते, वेत नवा विणून आणला होता. गीतांजलीने खरं ते सांगितलं. "सहाचा सेट मोडला तर टेबलाचा भाव पडते, दादा. गिऱ्हाईक सहा मागते."

"टेबल लांब आहे," वसुधाबाई मध्येच म्हणाल्या. "एका बाजूला बाक कर. हल्ली हॉटेलांत असतो तसा. लहान मुलं असलेले लोक बाकावर चारजण कोंबतात."

गीतांजलीने अंबादासला हाक मारली. "काका, त्या कपाटाच्या फळ्या कशा आहेत?"

"पक्क्या आहेत. औषध लावून ठेवल्या." त्याने हाताने माप घेतलं. "बाक होते. पाय नवे लावा लागतील."

"मग दोन खुर्च्या दिल्या," गीतांजली म्हणाली. "दुरुस्तीसकट जो भाव आहे त्या भावात."

अनिमेष सूट मागायला तोंड उघडणार तोच आई म्हणाली, "घासाघीस करू नकोस, तुला येत नाही." त्याने पैसे दिले. जाण्याआधी टेबलाच्या पायाशी वाकून त्याने आपल्या नावाचा फोटो काढला. तो पाय पुढे रंग काढताना घासला जाणार होता. गीतांजलीने ते त्याला सांगितलं. "घासा," तो म्हणाला. "दुसऱ्यांच्या घरी माझं नाव कशाला?"

टेबल, चार खुर्च्या आणि बाक भेडाघाट रस्त्यावर होमस्टे चालवणाऱ्या अनुपमने नेला. न्यायला तो स्वतः आला, सोबत आणलेल्या गाद्या टेबलाच्या चारी बाजूंना बांधल्या आणि गाडीत टेबलाजवळ बसूनच गेला. व्हिडिओ कितीतरी लोकांनी बघितला. त्यातल्या बऱ्याच जणांनी गीतांजलीला आपापल्या घरातल्या सनमायकाचे फोटो पाठवले. बहुतेकांच्या खाली प्लाय निघाला.

होळीच्या आधी वसुधाबाईंचा फोन आला. त्या नव्या फ्लॅटमध्ये स्थिरावल्या होत्या आणि, त्यांच्याच शब्दांत, कंटाळून मरायला टेकल्या होत्या. "माझ्या कॉलेजातले शशिकांत खेर मुलीकडे इंदूरला चालले. घर भरलेलं आहे. अनोळखी माणसाला ते दारात उभं करणार नाहीत. मी तुला घेऊन जाते. चालेल?"

"चालेल, मावशी. तुमचं काय द्यायचं?"

"ते मी तिथे ठरवीन."

खेरांच्या घरी पुस्तकांची दोन काचेची कपाटं होती, एक दिवाण, लिहायचं एक उतरतं टेबल, वेताच्या खुर्च्यांचा सोफा. शशिकांत खेर बारीक, गोरे, हातरुमालाने सतत हात पुसणारे गृहस्थ. गीतांजली आपल्या सवयीने खाली बसून टॉर्च मारू लागली. वसुधाबाई दिवाणावर ऐसपैस बसल्या.

गीतांजलीने सगळं बघून भाव सांगितला. शशिकांतराव हो म्हणायच्या बेतात होते.

"थांबा," वसुधाबाई म्हणाल्या. "गीतांजली, त्या लिहायच्या टेबलाला पितळेच्या कड्या आहेत. अस्सल आहेत. त्यांचे वेगळे धर. आणि सोफ्याचा वेत मागच्याच वर्षी विणलाय, मला माहीत आहे, मी त्यावर बसलेय."

"मावशी," गीतांजली म्हणाली, "तुम्ही कोणाकडून आलात?"

"दोघांकडून. दलाली पण दोघांकडून घेणार."

शशिकांतराव हातरुमालात हसले. गीतांजलीने पुन्हा आकडा सांगितला, थोडा वर. वसुधाबाईंनी तो मान्य केला, मग खेरांकडे वळल्या. "अजून एक. पॉलिशखाली काही भारी निघालं तर त्यातला चौथा हिस्सा तुम्हाला मिळेल, अशी अट घालू का? मात्र आत काही खराब निघालं तर नुकसानीतही चौथा हिस्सा तुमचा."

अशी अट गीतांजलीने कधी ऐकली नव्हती, पण नाही म्हणायला तिला कारण सापडेना. तिला ती जमली असती.

शशिकांतरावांनी हातरुमालाने पुन्हा हात पुसले. "नको," ते म्हणाले. "आत्ताच काय ते द्या. मी इंदूरला निवांत झोपणार आहे."

"बघ," वसुधाबाई गीतांजलीला म्हणाल्या, "मी पण हेच म्हटलं असतं."

दुपारी हमाल आले. काचेचं पहिलं कपाट जिन्याच्या वळणावर अडकलं. अंबादास खालून ओरडत होता, वरून शशिकांतराव "जरा इकडे, जरा इकडे" म्हणून हात करत होते. गीतांजलीने वर येऊन कपाटाची दारं बिजागऱ्यांतून सोडवली, काचा गादीवर आडव्या ठेवल्या आणि रिकामी चौकट तिरकी करून वळणातून काढायला लावली. वसुधाबाई दिवाणावर बसूनच होत्या, कारण तो शेवटी न्यायचा होता. त्यांनी मोबाइल कानाला लावला होता आणि त्या कुणाला तरी सांगत होत्या, "अगं, फेकू नकोस काही. आधी आमची माणसं बघून जातील."